कार्यक्षम वाटप, न्याय्य वाटप

अर्थशास्त्र मराठीतून शिकवताना ‘कार्यक्षमता’ हा शब्द मला नेहमी अडवतो. बोलण्यात कार्यक्षम म्हणजे चांगले काम करणारा. म्हणजे शब्दातच शाबासकी आली. अर्थशास्त्रात मात्र, इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पारेटो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संकल्पनेचा अर्थ फार आखूड आहे. ज्या वाटपात कोणाचेही नुकसान केल्याशिवाय दुसऱ्या कोणाचेही भले करता येत नाही, ते कार्यक्षम.

वर्गात मी दोन जावांचे उदाहरण घेते. घरात एक किलो चहा आणि एक किलो कॉफी आली आहे. दोघींना दोन्ही आवडते, पण थोरलीचा जीव चहात आणि धाकटीचा कॉफीत. सासूबाईंनी दोघींना दोन्हींचे अर्धा अर्धा किलो दिले. वाटणी समान झाली, पण ती कार्यक्षम नव्हे. कारण थोरलीने आपली कॉफी देऊन धाकटीचा चहा घेतला, तर दोघीही अधिक खूश होतात आणि कोणाचेच काही जात नाही. अशी अदलाबदल शिल्लक असणे हीच अकार्यक्षमतेची खूण.

आता समजा, सासूबाईंनी सगळा चहा आणि सगळी कॉफी थोरलीलाच दिली. धाकटीला चमचाभर कॉफी द्यायची म्हटली तरी ती थोरलीच्या डब्यातूनच काढावी लागेल आणि तिचे तेवढे कमी होईल. म्हणजे ही वाटणी कार्यक्षम! विद्यार्थी इथे हसतात, मग गप्प होतात. समान वाटणी कसोटीत नापास आणि धाकटीला रिकामे ठेवणारी वाटणी पास. अमर्त्य सेन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात हेच बजावले होते: काही लोक उपाशी आणि काही ऐषारामात असले, तरी समाज या अर्थाने कार्यक्षम असू शकतो.

मुद्दा केवळ चहाचा नाही. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी असंख्य कुळे जमिनीची मालक मानली गेली. त्यांनी किंमत भरायची होती, पण ती कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत. जमीनमालकाचे नुकसान झाले, म्हणून पारेटोच्या कसोटीवर हा बदल ‘सुधारणा’ ठरत नाही. तो अन्याय होता, असेही ती कसोटी म्हणत नाही. ती फक्त गप्प बसते. मूळ जमीन कोणाकडे कशी आली, हे ती विचारतच नाही.

तरी मी ती टाकून देणार नाही. वाया जाणारे शोधायला ती चांगली आहे: अर्ध्या अर्ध्या वाटणीतली चूक तिनेच दाखवली, आणि त्या अदलाबदलीनंतरची वाटणी मला न्याय्यही वाटते. पण थोरलीकडे सगळे असताना तिथून या वाटणीकडे जायचे, तर थोरलीच्या डब्यातून काढावेच लागेल. ते काढावे की नाही, हे ठरवायला दुसरे माप लागते, आणि त्यावर घराघरांत एकमत नसते.