गैरवर्तनाचा तक्ता आणि शिक्षेचा रकाना

रात्रपाळीत एखादा कामगार मशीनशेजारी झोपलेला सापडला की सुपरवायझरला तीन गोष्टी लगेच कळायला हव्यात. हे गैरवर्तन आहे का, असेल तर कोणत्या कलमाखाली, आणि आपल्या हातात आत्ता नेमके काय आहे? उत्तरे कारखान्याच्या प्रमाणित स्थायी आदेशांत असतात. हे आदेश प्रवेशद्वाराजवळ आणि खात्यांत फलकावर लावायचे असतात, बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेतही. पण कोर्टाच्या वळणाची ती लांबलचक वाक्ये रात्री दोन वाजता कोण वाचणार? म्हणून एचआर विभाग त्यांचा एकपानी तक्ता करून सुपरवायझरच्या हातात देतो.

हा तक्ता बहुतेक वेळा दोन रकान्यांचा असतो. डावीकडे गैरवर्तन, उजवीकडे शिक्षा. उशिरा येणे – ताकीद, दारू पिऊन येणे – निलंबन, चोरी – बडतर्फी. वाचायला सोपा, पण पायाच चुकलेला. कारण मूळ आदेशांत अशा जोड्या सहसा नसतातच.

महाराष्ट्राचे आदर्श स्थायी आदेश पाहा. गैरवर्तनांची यादी एका कलमात आहे आणि शिक्षा दुसऱ्या. शिक्षा चारच: ताकीद किंवा ठपका, दंड, जास्तीत जास्त चार दिवसांचे निलंबन आणि बडतर्फी. कोणत्या गैरवर्तनाला कोणती शिक्षा, हे ठरवताना व्यवस्थापकाने गुन्ह्याचे गांभीर्य, कामगाराची आधीची नोंद आणि प्रकरणातील इतर परिस्थिती लक्षात घ्यायची असते. म्हणजे जोडी प्रत्येक प्रकरणात नव्याने लावायची. चौकशीआधीच भिंतीवर ‘चोरी – बडतर्फी’ असे छापले असेल, तर शिक्षा आधीच ठरली होती असे म्हणायला कामगाराच्या वकिलाला आयता कागद मिळतो. शिवाय किरकोळ गैरवर्तनाला, त्याचे स्वरूप आणि कामगाराची सेवा न बघता, धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देणे ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे.

मग तक्ता काढायचा कसा? पहिले काम म्हणजे योग्य प्रत मिळवणे. प्रमाणन अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची, नंतरच्या दुरुस्त्यांसह असलेली प्रतच धरायची. कुणाच्या संगणकातला जुना मसुदा नव्हे. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि तिच्यात स्थायी आदेशांसाठी कामगारसंख्येची मर्यादा 300 आहे. त्यामुळे आपल्या कारखान्याला आज कोणता मजकूर लागू आहे, हे कायदेविषयक सल्लागाराकडून लेखी घेऊन त्याची तारीख तक्त्याच्या डोक्यावर टाकावी.

दुसरे काम म्हणजे यादीतील प्रत्येक वाक्य फोडणे. इथेच सगळ्यात जास्त घात होतो. समजा, कलम असे आहे: ‘एका महिन्यात चार किंवा अधिक वेळा उशिरा हजर होणे.’ तक्ता करणारा घाईत लिहितो, ‘उशिरा येणे’. दुसऱ्याच उशिराला सुपरवायझर गैरवर्तनाचा रिपोर्ट पाठवतो आणि तो टिकत नाही, कारण चार वेळा ही अटच पूर्ण झालेली नसते. म्हणून एका वाक्याचे तुकडे करून लिहावे. कृती: उशिरा हजर होणे. अट: एका महिन्यात किमान चार वेळा. पुरावा: पंचिंगची नोंद, आणि पाळी सुरू होण्याची फलकावर लावलेली वेळ. आता एखाद्याला 26 आणि 29 एप्रिल, 2 आणि 6 मे असा उशीर झाला तर? महिना पंचांगाचा धरायचा की पहिल्या उशिरापासून मोजायचा, याचा निर्णय तक्ता करणाऱ्याने परस्पर करू नये. ती ओळ सल्लागाराकडे पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत तिच्यापुढे ‘एचआरला विचारा’ एवढेच लिहावे. ‘सवयीने’, ‘जाणूनबुजून’, ‘परवानगीशिवाय’, ‘सलग दहा दिवसांहून अधिक’ असे शब्द वाक्यातून गळले की साधी चूकही गैरवर्तन वाटू लागते.

जागेची अट तर विशेष जपावी. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात संपावरच्या कामगारांनी कामावर जाणाऱ्यांना कारखान्यापासून दूर अडवून त्रास दिल्याचे आरोप होते. कंपनीच्या आदेशात मात्र शब्द होते ‘आस्थापनेच्या आवारात किंवा त्याच्या लगतच्या परिसरात’. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षेचे कलम काटेकोरपणेच वाचायचे. कामगार कुठेही काही करो, ते या कलमात बसते असे मालकाला म्हणता येणार नाही. आणि जे गैरवर्तन म्हणून आदेशांत लिहिलेलेच नाही, त्याबद्दल शिक्षाही नाही.

म्हणूनच आपल्या मनाची ओळ तक्त्यात घुसवता येत नाही. मोबाइल वापरण्याचे उदाहरण घ्या. 1980 च्या दशकात प्रमाणित झालेल्या आदेशांत मोबाइल असणे शक्यच नाही. सुरक्षिततेच्या सूचना न पाळणे हे कलम यादीत असेल आणि प्रेसशॉपमध्ये मोबाइलबंदीची सूचना रीतसर लावलेली असेल, तर त्या सूचनेचा क्रमांक देऊन ओळ लिहिता येईल. नसेल, तर आधी सूचना काढायची किंवा आदेशांत दुरुस्ती करून घ्यायची. ड्यूटीवर झोपण्याचेही तसेच. वेगळे कलम आहे का ते पाहायचे. नसल्यास एकदा लागलेली डुलकी ‘कामात सवयीने हयगय’ यात ढकलायची नाही.

उरला शिक्षेचा रकाना. तो काढून टाकावा आणि त्या जागी ‘सुपरवायझरने काय करायचे’ हा रकाना घालावा: धोका असेल तर मशीन थांबवणे, कामगाराला सुरक्षित जागी बसवणे, वेळ, जागा आणि साक्षीदारांची नावे लिहून त्याच पाळीत खातेप्रमुखाला रिपोर्ट देणे. चार शिक्षा तळाशी स्वतंत्र पट्टीत द्याव्यात आणि प्रत्येकीपुढे ती देण्याचा अधिकार कोणाचा, आधी काय व्हायला हवे, हे लिहावे. दंड करण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी लागते आणि दंड त्या वेतनकाळातील वेतनाच्या 3 टक्क्यांहून जास्त होऊ शकत नाही. बडतर्फीआधी आरोपपत्र आणि चौकशी अटळ.

या पट्टीत ‘निलंबन’ हा शब्द एकटा कधीच लिहू नये. चार दिवसांचे निलंबन ही शिक्षा आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंतचे निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो, पहिल्या 90 दिवसांसाठी निम्म्या वेतनाइतका. दोन्ही आदेश लेखी आणि व्यवस्थापकाच्या अधिकारातले. ‘उद्यापासून गेटच्या आत येऊ नकोस’ असे सुपरवायझरने तोंडी सांगितले, तर ते यातल्या कोणत्याच प्रकारात बसत नाही आणि पुढच्या वादात कारखान्याच्याच अंगाशी येते.

तक्ता झाला की तो न बनवलेल्या दोघातिघा सुपरवायझरांना गेल्या वर्षीचे काही जुने रिपोर्ट, नावे झाकून, द्यावेत आणि प्रत्येकाला कलम शोधायला सांगावे. एकाच घटनेला तिघांनी तीन कलमे लावली, तर त्या ओळींमधून कुठली तरी अट गळली आहे असे समजावे आणि मूळ वाक्य पुन्हा उघडावे. तळाशी एक ओळ हवीच: तक्ता आणि प्रमाणित आदेश यांत फरक दिसला, तर आदेशातले शब्दच खरे.