वेग पाचव्या हिश्शाने कमी, वीज जवळपास निम्मी

साखर कारखान्याच्या बॉयलरमागे, चिमणीच्या पायथ्याशी एक भलामोठा पंखा असतो. कारखान्यातली माणसे त्याला आयडी फॅन म्हणतात. भट्टीत बगॅस जळते, त्यातून निघणारा गरम धूर नळ्यांमधून, धूळ पकडणाऱ्या यंत्रणेतून ओढून चिमणीत सोडायचा, एवढेच त्याचे काम. पण हे काम गळीत हंगामात रात्रंदिवस चालते, त्यामुळे मोटर लहान असून भागत नाही.

अशा पंख्याची निवड करताना अभियंते हात राखून माप धरतात. बगॅस ओले आले, नळ्यांवर राख बसली, कुठे झडपेतून हवा शिरली, तरी पंखा कमी पडता कामा नये. परिणाम असा की रोजच्या चालीत पंख्याची पूर्ण ताकद लागतच नाही. मग जादा ओढ आवरायची कशी? जुना रिवाज म्हणजे डॅम्पर. धुराच्या वाटेत लोखंडी पात्यांची झडप बसवलेली असते, ती अर्धवट मिटायची. पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो आणि त्याने तयार केलेल्या दाबाचा मोठा भाग त्या झडपेवरच खर्ची पडतो. भट्टीला हवी तेवढीच ओढ मिळते, म्हणून ऑपरेटरची तक्रार नसते. पैसे मात्र पूर्ण वेगाचे जातात.

दुसरा मार्ग म्हणजे झडप पूर्ण उघडी ठेवून पंख्याचाच वेग उतरवणे. इथे जो हिशोब लागू होतो, तो प्रथम ऐकणाऱ्याला खोटा वाटतो. वेग २० टक्क्यांनी कमी केला की धुराचे प्रमाण २० टक्क्यांनीच कमी होते, पण वीज जवळपास निम्मी होते.

कारण दोन पायऱ्यांत समजते. पंख्याच्या दर फेऱ्यात पात्यांमधून ठरावीक घनफळाची हवा पुढे ढकलली जाते. फेरे जितके कमी, तितकी हवा कमी. वेग ८० टक्के तर हवा ८० टक्के, इथपर्यंत सरळ आहे.

दाबाचे तसे नाही. पात्यांत शिरलेली हवा फिरत फिरत कडेपर्यंत येते आणि गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी बाहेर फेकली जाते. गोफण दुप्पट जोराने फिरवली की दगड दुप्पट वेगाने सुटतो, पण त्याच्या अंगची ऊर्जा चौपट असते. पंख्याचेही तेच. त्याने तयार केलेला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग ०.८ झाला की दाब ०.८ × ०.८, म्हणजे ०.६४ होतो.

आता पंख्याने केलेले काम म्हणजे किती हवा ढकलली आणि किती दाबाविरुद्ध ढकलली यांचा गुणाकार. हवा ०.८ पट, दाब ०.६४ पट. गुणाकार ०.५१२. म्हणजेच वेगाचा घन. वेग ९० टक्के ठेवला तर लागणारी शक्ती सुमारे ७३ टक्के, ७० टक्के ठेवला तर सुमारे ३४ टक्के, आणि निम्मा केला तर अवघी साडेबारा टक्के. पंप आणि पंखा या दोघांनाही हे नियम सारखेच लागू आहेत.

पण हे गणित जुळून येण्यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. नळ्या, वळणे, धूळ पकडणारी यंत्रणा यांतून धूर जाताना जो अडथळा होतो, तोही प्रवाहाच्या वर्गाच्याच प्रमाणात असतो. प्रवाह ०.८ झाला की वाटेला लागणारा दाब आपोआप ०.६४ होतो. पंखा जेवढा दाब कमी देऊ लागतो, नेमका तेवढाच दाब वाटेला कमी लागतो. त्यामुळे पंखा आपल्या जुन्याच, सोयीच्या कार्यक्षमतेवर राहतो. दोन्हीकडचे वर्ग जुळतात, म्हणून घन पदरात पडतो.

आकडे घालून पाहू. समजा पंखा ९८० आरपीएमने, डॅम्पर पूर्ण उघडा असताना, १६० किलोवॅट घेतो. रोजच्या चालीला ८० टक्के धूर ओढला तरी पुरतो. डॅम्पर मिटून हे साधले तर मीटरवर समजा १३५ किलोवॅट दिसतात. तेच काम ७८४ आरपीएमवर केले तर १६० च्या ०.५१२ पट, म्हणजे ८२ किलोवॅट. वेग बदलण्यासाठी जी पेटी बसवावी लागते, ती व्हीएफडी किंवा नुसती ड्राइव्ह, मोटरला ५० ऐवजी ४० हर्ट्झचा वीजपुरवठा तयार करून देते आणि त्यात स्वतः थोडी वीज खाते. कमी भारावर मोटरची कार्यक्षमताही किंचित उतरते. हे धरून ८८ किलोवॅट म्हणू. बचत ४७ किलोवॅटची. दिवसाला ११०० युनिटांहून थोडी अधिक.

इथे विक्रेत्यांच्या एका सवयीबद्दल बोलायला हवे. ते बचत १६० मधून मोजतात. पण कारखाना आज १६० देतच नव्हता, डॅम्पर मिटलेला असल्याने १३५ देत होता. खरी तुलना १३५ शी. शिवाय हंगामभर प्रवाह ८० टक्केच राहील असेही नाही. काही तास ९५ टक्के लागेल आणि तेव्हा डॅम्पर जवळजवळ उघडाच असल्याने ड्राइव्हचा फायदा नगण्य असेल. म्हणून ड्राइव्ह घेण्याआधी आठ-दहा दिवस डॅम्पर कोणत्या तासाला किती उघडा होता याची नोंद ठेवावी. तो बहुतेक वेळ निम्म्याच्या आसपास मिटलेला असेल तर निर्णय सोपा आहे.

पैशांत न दिसणारा एक फायदाही आहे. धुरातली राख पात्यांना घासते आणि ही झीज वेगाबरोबर फार झपाट्याने वाढते. संथ फिरणाऱ्या पंख्याची पाती जास्त टिकतात.

हाच घन उलट दिशेने चालवला की मोटरा जळतात. बेल्टवर चालणाऱ्या पंख्याची हवा थोडी कमी पडते म्हणून कुणीतरी मोटरवरची पुली जरा मोठी बसवतो. वेग फक्त १० टक्क्यांनी वाढतो, पण शक्ती १.१ चा घन, म्हणजे १.३३ पट लागते. मोटर आधीच पूर्ण भाराजवळ चालत असेल तर हा एक तृतीयांशाचा बोजा तिला पेलत नाही. ओव्हरलोड रिले वारंवार पडू लागतो. मग रिलेचे सेटिंग वाढवले जाते, आणि पुढचे सांगायला नको.

आता पाण्याकडे येऊ, कारण इथे घनाचा नियम ऐकून बरेच लोक फसतात. सात-आठ मजल्यांच्या सोसायटीत खालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप घ्या. समजा उंची २४ मीटर आहे आणि पाइप, वळणे, झडपा यांतले घर्षण ६ मीटरइतके. एकूण ३० मीटर. पंप तासाला १२,००० लिटर चढवतो आणि २ किलोवॅट घेतो. झडप बंद असताना तो जास्तीत जास्त ३६ मीटर दाब देऊ शकतो.

यावर ड्राइव्ह बसवून वेग १० टक्के उतरवला, तर घनाच्या नियमाने वीज २७ टक्के वाचेल आणि पाणी १० टक्क्यांनीच घटेल अशी अपेक्षा असते. तसे होत नाही. घर्षणाचे ६ मीटर प्रवाहाबरोबर उतरतील, पण गच्ची काही खाली येत नाही. २४ मीटर तेवढेच राहतात. पंपाची जास्तीत जास्त ताकद मात्र ३६ वरून ०.८१ पटीने २९ मीटरवर येते. म्हणजे उंची वजा जाता हाताशी १२ मीटर होते, ते पाच उरले. या पाच मीटरांत पंपाच्या आतले नुकसान आणि पाइपचे घर्षण दोन्ही भागवायचे. हिशोब केला तर प्रवाह ६६ टक्क्यांवर येतो, तासाला साधारण ७,९०० लिटर. मीटरवर २ किलोवॅटऐवजी सुमारे १.३५ दिसतात, आणि सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी एक तृतीयांश वीज वाचल्याचे जाहीर करतो. पण १२,००० लिटरची टाकी भरायला आता तासाऐवजी दीड तास लागतो. दोन्ही रीतींनी खर्च दोन युनिट. घर्षण थोडे वाचले ते पंपाची घसरलेली कार्यक्षमता आणि ड्राइव्हची खादाडी यांनी गिळले.

वेग आणखी उतरवून ४० हर्ट्झवर नेला तर गंमत संपते. आता पंपाची कमाल ताकद ३६ च्या ०.६४ पट, म्हणजे २३ मीटर. उंची २४. गच्चीवर एक थेंबही पोहोचत नाही. पंप फिरत असतो, घुमत असतो, वीजही घेत असतो, पण तेच पाणी आतल्या आत घुसळत राहतो. एनआरव्हीच्या अलीकडे दाबमापक असेल तर त्याचा काटा २.३ किलोजवळ थांबलेला दिसेल. थोड्या वेळाने पंपाचे अंग हाताला गरम लागते, आणि हे असेच तासनतास चालले तर सील खराब होते. या पंपाला साधारण ४१ हर्ट्झच्या खाली काहीच करता येत नाही. प्रत्येक पंपाची ही खालची मर्यादा त्याच्या झडप-बंद दाबावरून आणि उंचीवरून ठरते.

म्हणून टाकी भरणाऱ्या पंपाची परीक्षा किलोवॅटवर घेऊ नये, अ‍ॅम्पिअरवर तर नाहीच. टाकीची एकच ठरावीक पातळी घ्यावी, तिथून भरेपर्यंत मीटरवर किती युनिट पडले ते पाहावे आणि हजार लिटरमागे आकडा काढावा. वरच्या उदाहरणात तो दोन्ही वेळा ०.१७ च्या आसपास येतो.

याच इमारतीत मध्यवर्ती वातानुकूलन असेल, तर त्यातल्या थंड पाण्याच्या पंपाची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाणी वर जाते आणि त्याच बंद नळीतून खाली येते. उतरणारे पाणी चढणाऱ्याचे वजन तोलते, त्यामुळे पंपापुढे उंची उरतच नाही, फक्त घर्षण उरते. तिथे वेग उतरवला की आयडी फॅनसारखाच लाभ मिळतो. मात्र शेवटच्या मजल्यावर ठरावीक दाब कायम ठेवायचा, असे कंट्रोलरला सांगून ठेवले असेल, तर तो दाब गच्चीच्या उंचीसारखाच वागतो आणि बचत तेवढी आक्रसते. गच्चीच्या टाकीच्या बाबतीत काही वाचवायचेच असेल, तर पाइप एका मापाने मोठा करून आणि निष्कारण वळणे काढून घर्षणाच्या ६ मीटरांतले तीन-चार कमी करावेत. मात्र मग आधीचा पंप ३० मीटरसाठी निवडलेला आहे हे ध्यानात ठेवून तोही त्या मापाचा बदलावा लागतो.