‘डिपॉझिट’ म्हणजे परत मिळणारे पैसे ना?

महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत असायला हवी, हे आता सगळ्यांना माहीत आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही तो नियम लागू झाला. दारावरचं नाव ठळक देवनागरीत आलं. आत गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलेला कागद मात्र अनेक ठिकाणी तसाच राहिला. पैसे कधी द्यायचे, किती द्यायचे, कधी परत मिळणार नाहीत, हे सांगणारा तो कागद इंग्रजीत असतो. बहुतेकदा तो कुणा मोठ्या दुकानाच्या बिलावरून उतरवून घेतलेला असतो.

ऑर्डरप्रमाणे लाकडी कपाटं आणि पलंग करून देणारं एखादं छोटं दुकान समोर आणू. तिथल्या कागदावर साधारण अशी पाच वाक्यं असतात: ‘अ मिनिमम डिपॉझिट ऑफ फिफ्टी पर्सेंट इज पेएबल अपॉन प्लेसमेंट ऑफ ऑर्डर अँड इज नॉन-रिफंडेबल. द बॅलन्स मस्ट बी सेटल्ड इन फुल प्रायर टू डिलिव्हरी. पेमेंट बाय चेक इज सब्जेक्ट टू रिअलायझेशन. द मॅनेजमेंट शॅल नॉट बी लायेबल फॉर फेल्ड ऑनलाइन ट्रान्झॅक्शन्स. गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.’

दुकानात मालक, एक मुलगा आणि दोन सुतार. ‘मॅनेजमेंट’ म्हणजे यांच्यापैकी कोण, असा प्रश्न पडावा.

आता हा मजकूर शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला, तर पहिलं वाक्य असं होतं: ‘ऑर्डर नोंदविताना किमान ५०% ठेव देय असून ती अ-परतावायोग्य आहे.’ लिपी बदलली, पण अडचण वाढली. मराठीत ‘ठेव’ ही परत मिळते. बँकेतली मुदत ठेव आपलीच असते. वाचनालयाची अनामत सभासदत्व सोडताना परत घेता येते, आणि भाड्याच्या घराचं ‘डिपॉझिट’ घर सोडताना मागायचंच असतं. तेव्हा ‘ठेव’ म्हणा, ‘अनामत’ म्हणा किंवा इंग्रजी शब्द तसाच ‘डिपॉझिट’ म्हणून ठेवा, गिऱ्हाइकाच्या मनात एकच अर्थ उमटतो: हे पैसे माझे आहेत, काम झालं की मिळतील. दुकानदाराला नेमकं याच्या उलट सांगायचं असतं. हे पैसे कपाटाच्या किमतीत वळते होणार आहेत आणि ऑर्डर मोडली तर जाणार आहेत.

या व्यवहाराला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: विसार. जमिनीच्या व्यवहारात ‘विसार पावती’ आजही केली जाते. सौदा पूर्ण झाला की विसार किमतीत धरला जातो; घेणाऱ्याने माघार घेतली तर तो सहसा बुडतो. अर्थ अगदी हवा तसा. तरीही शहरातल्या फर्निचरच्या दुकानात ‘विसार’ लिहिणं योग्य ठरेलच असं नाही, कारण तिथे आलेलं तरुण जोडपं तो शब्द कदाचित पहिल्यांदाच वाचत असेल. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स’च लिहावं. तो शब्द मुळात कुठल्या भाषेतला आहे, याने इथे काही बिघडत नाही. दुकानात उभा असलेला माणूस ‘अ‍ॅडव्हान्स किती द्यायचा?’ असंच विचारतो, आणि कागदाने त्याच शब्दात उत्तर द्यावं. गावाकडच्या बैलबाजारात किंवा जुन्या पेठेत ‘विसार’ सरळ चालेल.

टक्क्यांचंही तसंच. कपाट २४,००० रुपयांचं असेल, तर ‘किमान ५०% रक्कम’ वाचून मनात हिशेब करावा लागतो. ‘निम्मे पैसे’ वाचलं की बारा हजार आपोआप कळतात. निम्मा, पाव, पाऊण, दीडपट हे शब्द बाजारातल्या मराठीत तयार आहेत. टक्के तिसाच्या घरात असतील तर ‘हजारामागे तीनशे’ म्हणता येतं.

मग उरतो ‘नॉन-रिफंडेबल’. इथे भाषांतर करणाऱ्याला लेखणी थांबवून दुकानदाराला प्रश्न विचारावा लागतो, कारण इंग्रजी वाक्याने ऑर्डर कुणी मोडली हे सांगितलेलंच नाही. गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी, फळी कापण्याआधी ‘नको’ म्हटलं तर? कपाट अर्धं झाल्यावर म्हटलं तर? आणि सुतारच गावी निघून गेला, दुकानानेच काम केलं नाही तर? तिन्हींना एकच उत्तर असू शकत नाही, आणि दुकानदाराच्या डोक्यातही ते एक नसतं. विचारल्यावर तो सहज सांगतो, ‘लाकूड कापायला घेतलं की मग कसे परत देणार? त्याआधी आले तर देतोच की.’ हेच वाक्य कागदावर यायला हवं. कामच झालं नाही तर पूर्ण पैसे परत, हेही लिहायला हवं.

इंग्रजी नोटिशीची आणखी एक खोड मराठीत फार पटकन शिरते. इंग्रजीत करणारा लपवायची सोय आहे. मराठीत तिची ‘स्वीकारले जाणार नाही’, ‘आकारले जाईल’, ‘केली जाणार नाही’ अशी रांग लागते. कोण स्वीकारणार नाही, कोण आकारणार, हे कळत नाही. शिवाय सरकारी कागदांची सवय असल्याने ही भाषा अधिक ‘अधिकृत’ वाटते. वेतन प्रदान अधिनियम या नावात पेमेंटला ‘प्रदान’ म्हटलं आहे. कायद्याच्या पुस्तकात ते शोभतं. दुकानात ‘प्रदान’ ऐकलं की डोळ्यांपुढे शाल आणि श्रीफळ येतं. दुकानाने ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ म्हणावं. ‘पैसे भरा’, ‘आम्ही फोन करू’, ‘थांबा’. जुन्या पाट्यांवरचं ‘ग्राहकांनी सुटे पैसे द्यावेत’ हे वळणही अस्सल मराठी आहे, ते टाकाऊ नाही. फक्त अर्ध्या कागदात ‘द्यावेत’ आणि अर्ध्यात ‘द्या’ अशी सरमिसळ नको.

दुसऱ्या वाक्यातला ‘बॅलन्स’ही फसवा आहे. ‘शिल्लक’ म्हटलं तर आपल्याकडे उरलेले पैसे. ‘बाकी’ म्हटलं तर आपण देणं लागतो ते. इथे ‘बाकी’ किंवा सरळ ‘उरलेले पैसे’ हवं. आणि ‘प्रायर टू डिलिव्हरी’ म्हणजे नेमकं कधी? कपाट टेम्पोत चढण्याआधी की घराच्या दारात उतरण्याआधी? खरं भांडण इथेच होतं. हमाल कपाट खाली ठेवून उभे असतात, आणि घरातला माणूस म्हणतो, आधी आत लावून बघतो, मग देतो. कागदावर टेम्पोचं नाव घेतलं की हा प्रश्न दुकानातच सुटतो.

चेकचं वाक्य सर्वांत सोपं, कारण मराठीत त्यासाठी एक शब्द पुरतो. ‘रिअलायझेशनच्या अधीन राहून’ असं लिहिण्यापेक्षा ‘चेक वटल्यावर माल मिळेल’ लिहावं. ज्यांना ‘वटणे’ परिचयाचं नसेल, त्यांच्यासाठी ‘चेकचे पैसे आमच्या खात्यात जमा झाल्यावर’.

चौथं वाक्य वाचून गिऱ्हाईक घाबरतं, आणि त्यातून त्याला मदत काहीच मिळत नाही. यूपीआयने पैसे पाठवले, खात्यातून कापले गेले, दुकानात मात्र आले नाहीत, हा प्रसंग अनेकांवर येतो. ‘आम्ही जबाबदार नाही’ एवढं ऐकून कुणाचं समाधान होणार? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मुदत ठरवून दिली. दुकानाला दिलेल्या पैशांची पोच दुकानापर्यंत आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते पैसे आपोआप परत जमा झाले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. ही माहिती दुकानाच्या कागदावर दोन ओळींत मावते. दुकानदाराला खरी धास्ती असते ती खोट्या स्क्रीनशॉटची. तीही उघड लिहावी, म्हणजे नुसता फोनचा पडदा दाखवून निघालेल्या माणसाला थांबवणं अपमानाचं वाटत नाही. अडलेल्या माणसाने त्या वेळी रोख दिले आणि नंतर पहिले पैसेही दुकानात जमा झाले, तर काय? तेही आधीच सांगितलं की वाद उरत नाही.

पाचवं वाक्य मराठीत आणायचंच नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ पाठ झाल्यासारखी सगळीकडे दिसते. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत माल परत घ्यावा लागतो. त्यामुळे नुसता रंग आवडला नाही म्हणून परत आणलेलं कपाट आणि दार वाकलेलं कपाट, यांत कागदाने फरक केलाच पाहिजे. सुंदर मराठीतली बेकायदा अट ही बेकायदाच राहते.

एवढं झाल्यावर कपाटवाल्याचा कागद असा होतो:

‘ऑर्डर देताना निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स भरा. पावती घ्या. लाकूड कापण्याआधी ऑर्डर रद्द केलीत तर अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत देऊ; कापल्यानंतर परत मिळणार नाही. आमच्याकडून काम झालं नाही तर सगळे पैसे परत.

माल तयार झाला की फोन करू. दुकानात येऊन नीट बघा. उरलेले पैसे भरल्यावर टेम्पो निघेल. चेक दिलात तर तो वटल्यावर माल पाठवू.

मोबाइलवरून पैसे पाठवल्यावर आमच्याकडे पोच येईपर्यंत थांबा. फक्त स्क्रीनशॉट चालणार नाही. पैसे कापले गेले पण आम्हाला मिळाले नाहीत, तर ते पाच दिवसांत तुमच्या खात्यात परत यायला हवेत. न आल्यास तुमच्या बँकेकडे तक्रार करा. तुम्ही रोख दिल्यावर तेच पैसे आम्हालाही मिळाले, तर आम्ही ते परत करू.

मालात दोष निघाला तर ३० दिवसांत सांगा. माल परत घेऊन पैसे देऊ. चांगला माल नुसता आवडला नाही म्हणून परत घेत नाही.

चू. भू. द्या. घ्या.’

शेवटची चार अक्षरं मुद्दाम ठेवली आहेत. इंग्रजी बिलांच्या तळाशी ‘ई अँड ओ ई’ छापतात, म्हणजे चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी यांतून सूट. त्यात छापणारा स्वतःची सुटका करून घेतो. ‘चूकभूल द्यावी घ्यावी’मध्ये हिशेब दोन्हीकडून दुरुस्त करायची तयारी आहे.

कागद भिंतीवर लावण्याआधी तो दुकानाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावा आणि कागद बाजूला ठेवून तीनच प्रश्न विचारावेत: आज किती द्यायचे, बाकीचे कधी, आणि ऑर्डर मोडली तर काय? ‘समजलं का?’ असं विचारू नये, कारण त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. तिन्हींपैकी एकही उत्तर अडलं, तर ती ओळ पुन्हा लिहावी, आणि मगच कागदाला चिकटपट्टी लावावी.