विवाहाचा हॅशटॅग : दोन घरांना रुचेल असा

हल्ली लग्नपत्रिकेच्या तळाशी वधूवरांच्या नावांची सांगड घातलेला एक जोडशब्द छापलेला आढळतो. २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा विवाहबद्ध झाले, तेव्हा ‘विरुष्का’ हे नाव घरोघरी पोहोचले आणि या प्रथेला बहर आला. पाहुण्यांनी टिपलेली छायाचित्रे त्या एका शब्दाखाली एकत्र सापडावीत, एवढाच त्याचा उपयोग. तरीही तो निवडताना मने दुखावू शकतात.

आमच्या नात्यातील एका विवाहात वर होता नेमिश आणि वधू राजुल. मुलांनी हौसेने #NemRajul असा शब्द योजला. तो ऐकताच वधूच्या आजी गप्प झाल्या. मुलांना कारण उमगेना. भगवान नेमिनाथांची वरात पशूंचा आक्रोश ऐकून परत फिरली, तो विवाह झालाच नाही आणि पुढे राजुलमतीनेही दीक्षा घेतली. ही कथा आपल्याला परमपूज्य आहे. परंतु संसाराच्या शुभारंभी तीच जोडी उच्चारणे आजींना कसेसेच वाटले. शिवाय हा शब्द कागदी रुमालांवर व पेल्यांवर छापला जाणार होता. तीर्थंकरांच्या नावाशी जुळणारी अक्षरे उष्ट्यात पडली तर ती आशातनाच, असे वराच्या वडिलांनीही सांगितले. मुलांनी कोणताही वाद न घालता तो शब्द मागे घेतला.

दुसरा पर्याय आडनावांचा होता. तथापि एकच आडनाव घेतले तर दुसरे घर दुरावते आणि दोन्ही घेतली तर शब्द लांबतो. अखेरीस गावे पुढे आली : वधू सांगलीची, वर बारामतीचा. नुसते #SangliBaramati शोधले तर इतरांची छायाचित्रेही त्यात मिसळण्याची शक्यता, म्हणून #SangliWedsBaramati ठरले. वधूपक्ष यजमान असल्याने सांगली आधी, ही सूचना वराच्या आईची.

छपाईपूर्वी तीन गोष्टी पाहिल्या. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा किंवा जोडरेघ आली की शब्द तिथेच तुटतो, म्हणून तो सलग लिहिला. मोठ्या-लहान लिपीने शोधात फरक पडत नाही, पण प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे ठेवल्याने वाचन सुकर होते आणि भलताच अर्थ निघत नाही. मग दोन्हीकडच्या पाच-पाच ज्येष्ठांना तो शब्द तोंडी सांगून लिहायला लावला. नऊ जणांचे स्पेलिंग जुळले; व्यक्तिनामांत ‘u’ की ‘oo’ असा घोळ झाला असता. इन्स्टाग्रामवर खाते खासगी असेल तर त्यातील छायाचित्रे इतरांना दिसत नाहीत, हेही पाहुण्यांना आधीच कळवले.

शब्द स्वागतफलकावर झळकला. रुमाल मात्र कोरेच राहिले. फलकापाशी पहिले छायाचित्र आजींनीच काढून घेतले.