क्रियापदावर बोट

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम जवळ आला की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे इंग्रजीच्या सरावाला येतात. बहुतेक जण सांगली-साताऱ्याकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. सराव ओळख करून देण्यापासून सुरू होतो आणि पहिलं वाक्य बहुधा असं असतं : ‘मायसेल्फ सचिन, फ्रॉम सांगली.’

हे वाक्य देशभर ऐकू येतं. त्याच्या मागे आळस नसतो, मातृभाषेची सवय असते. ‘मी सचिन, सांगलीचा’ हे मराठीत पुरेपूर वाक्य आहे. त्यात क्रियापद दिसत नाही आणि कुणाला ते खटकतही नाही. तेच इंग्रजीत न्यायला गेलं की ‘आय सचिन’ म्हणायला जीभ धजत नाही, काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. खरं तर ‘ॲम’ राहिलेलं असतं. पण ती पोकळी मुलं ‘मायसेल्फ’ने भरतात, कारण तो शब्द लांब आणि भारदस्त वाटतो.

मी फळ्यावर नुसतं ‘ॲम’ घालून दाखवते : ‘मायसेल्फ ॲम सचिन.’ आता क्रियापद आलं, तरी वाक्य बरोबर झालं नाही. इथून खरा विषय सुरू होतो. ‘मायसेल्फ’ एकटा कर्ता होऊ शकत नाही. पडसाद उमटायला आधी हाक लागते, तसं ‘मायसेल्फ’ला आधी त्याच वाक्यात ‘आय’ किंवा इंग्रजीतलं ‘मी’ लागतं. म्हणून ‘आय ॲम सचिन’, किंवा ओळख देतोय हे सांगायचंच असेल तर ‘लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ’. ओळख करून देणारा मी आणि ज्याची ओळख करून द्यायची तोही मीच, म्हणून या दुसऱ्या वाक्यात ‘मायसेल्फ’ हक्काने बसतो.

शाळेच्या व्याकरणात आपण ‘आपण’ आणि ‘स्वतः’ यांना आत्मवाचक सर्वनामं म्हणायला शिकलो. मुलांना हे नाव आठवतं, पण वापर मराठी कानाने ठरतो आणि इंग्रजीत तो कान दगा देतो. म्हणून मी त्यांना कानावर विसंबू देत नाही. वाक्यातल्या क्रियापदावर बोट ठेवायचं. ही क्रिया कोण करतंय ते विचारायचं. मग ती कुणावर होते ते पाहायचं. दोन्ही ठिकाणी तोच माणूस असेल तर ‘सेल्फ’ लावायचा, नाहीतर साधं सर्वनाम.

एका मुलाने कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा आणला होता. या विषयातल्या बहुतेक अडचणी त्यात एकत्र सापडल्या, म्हणून तो इथे देते. ‘मायसेल्फ अँड माय फ्रेंड हॅव कम्प्लीटेड अ प्रोजेक्ट ऑन सोलर पंप्स. वुई डिझाइन्ड द कंट्रोलर अवरसेल्व्ज. अवर गाइड टोल्ड अस टू शो द रिपोर्ट टू युवरसेल्फ. आय हॅव द रिपोर्ट विथ मायसेल्फ. वुई हेल्प्ड अवरसेल्व्ज ड्युरिंग टेस्टिंग. प्लीज रिप्लाय टू माय फ्रेंड अँड मायसेल्फ.’

पहिल्या वाक्यात बोट ‘हॅव कम्प्लीटेड’वर. प्रकल्प कुणी पूर्ण केला? मी आणि मित्राने. दोघेही कर्ते, म्हणून ‘माय फ्रेंड अँड आय’. पटत नसेल तर मित्राला क्षणभर वाक्यातून बाहेर काढायचं. ‘मायसेल्फ हॅव कम्प्लीटेड’ असं तो मुलगाही म्हणाला नसता. शेवटच्या वाक्याला हीच कसोटी लावू. ‘रिप्लाय टू मायसेल्फ’? उत्तर देणार आहे समोरचा माणूस. आज्ञार्थात तो दिसत नसला तरी कर्ता ‘यू’ आहे. पत्र लिहिणाऱ्याने स्वतःला उत्तर द्यायचं नाही. म्हणून ‘टू माय फ्रेंड अँड मी’. हे इंग्रजीतलं ‘मी’, म्हणजे आपलं ‘मला’.

गंमत अशी की जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसंही या जागी घसरतात. लहानपणी ‘मी अँड माय फ्रेंड वेंट’ असं म्हटलं की मोठी माणसं टोकतात. त्यातून ‘मी’ हा शब्दच चुकीचा, अशी भीती मनात बसते. पुढे जिथे ‘मी’च हवा असतो तिथेही हात आखडतो. ‘आय’ की ‘मी’ हे ठरत नसलं की ‘मायसेल्फ’ सुरक्षित आडोसा वाटतो. औपचारिक पत्रांत त्याचा सुळसुळाट होतो त्याचं हे कारण. मराठी मुलांची अडचण थोडी जास्त आहे, कारण कानाला एकच वाटणारा ‘मी’ मराठीत कर्ता असतो आणि इंग्रजीत कर्म.

तिसऱ्या वाक्यातल्या ‘टू युवरसेल्फ’ने मला थोडं थांबवलं. ‘शो’ ही क्रिया मुलं करणार, अहवाल बघणार कंपनीचा अधिकारी. मग ‘युवरसेल्फ’ आला कुठून? मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, नुसतं ‘यू’ म्हणजे ‘तू’ म्हटल्यासारखं वाटतं. आपणांस दाखवायला सांगितलंय, असं लिहायचं होतं.’’ सगळा उलगडा त्या ‘आपणांस’मध्ये होता. मराठीतलं ‘आपण’ तीन कामं करतं. ‘आपण जाऊ’ म्हणताना ते समोरच्यासकट सगळ्यांना घेतं. ‘आपण बसावं’ म्हणताना आदराने समोरच्याला उद्देशून येतं. आणि ‘त्याने आपला डबा उघडला’मध्ये कर्त्याकडे वळून पाहतं. मुलाने आदराच्या ‘आपण’साठी आत्मवाचक शब्द उचलला. इंग्रजीत ‘युवरसेल्फ’ला आदराची छटा नाही. आदर ‘प्लीज’, ‘सर’, ‘वुड यू’ यांतून येतो. सर्वनाम ‘यू’च राहतं, राष्ट्रपतींसाठीही आणि लहान भावासाठीही.

चौथं वाक्य माझ्या कसोटीचीच परीक्षा घेतं. ‘आय हॅव द रिपोर्ट विथ मायसेल्फ’मध्ये अहवाल माझा आणि जवळही माझ्याच, म्हणजे माणूस एकच. तरी बरोबर वाक्य ‘आय हॅव द रिपोर्ट विथ मी’ असंच आहे. एखादी वस्तू कुठे आहे, कुणाजवळ आहे, एवढंच शब्दयोगी अव्यय सांगत असेल तर इंग्रजी साधं सर्वनाम वापरते. ‘शी लुक्ड बिहाइंड हर’ म्हणजे तिने मागे वळून पाहिलं. पण ‘शी लुक्ड ॲट हरसेल्फ इन द मिरर’मध्ये पाहण्याची क्रिया थेट तिच्यावरच होते, म्हणून तिथे ‘हरसेल्फ’ हवा. जागा सांगितली आहे की क्रियेचा नेम सांगितला आहे, हा प्रश्न इथे विचारावा लागतो.

पाचव्या वाक्यात मुलाला म्हणायचं होतं की चाचण्या चालू असताना दोघांनी एकमेकांना मदत केली. ‘हेल्प्ड अवरसेल्व्ज’ने ते सांगितलं जात नाही. उलट जेवणाच्या टेबलावर ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हणतात तसं, आम्ही हवं ते उचलून घेतलं, असा भलताच अर्थ निघू शकतो. मराठीत ‘स्वतःला’ आणि ‘एकमेकांना’ यांची गल्लत होत नाही, मग इंग्रजीत का व्हावी? मला याचं मूळ ‘आपसात’मध्ये दिसतं. ‘आम्ही आपसात चर्चा केली’ यासाठी मुलं ‘अमंग अवरसेल्व्ज’ शिकतात आणि ते बरोबरही आहे. मग तोच ‘अवरसेल्व्ज’ ती सगळीकडे वापरू लागतात.

ही गाठ सोडवायला मी मुलांना जोडीने उभं करते. आधी प्रत्येकाने आपापलं नाव सांगायचं : ‘दे इंट्रोड्यूस्ड देमसेल्व्ज.’ मग प्रत्येकाने शेजारच्याचं नाव सांगायचं : ‘दे इंट्रोड्यूस्ड ईच अदर.’ क्रियापद तेच, माणसं तीच, पण क्रियेची दिशा बदलली. पहिल्या वेळी ती प्रत्येकापाशी परतते, दुसऱ्या वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एकदा अंगाने केलं की हे वर्गात पुन्हा समजावावं लागत नाही. दोघांसाठी ‘ईच अदर’ आणि दोघांपेक्षा जास्त जणांसाठी ‘वन अनदर’ असा नियम जुन्या पुस्तकांत असतो. चांगले लेखक तो कसोशीने पाळताना दिसत नाहीत, म्हणून मी मुलांचा वेळ त्यावर घालवत नाही.

पत्रात न आलेली एक चूक मात्र मुलाखतीत हमखास येते. ‘रामाला वाटलं, आपण हरलो’ हे सुरेख मराठी आहे. हरणं एका वाक्यात, वाटणं दुसऱ्यात, तरी ‘आपण’ सीमा ओलांडून रामापर्यंत पोचतं. काशी वाली यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी मराठीच्या ‘स्वतः’ आणि ‘आपण’मधला फरक बारकाईने तपासला आहे. इंग्रजीतला ‘हिमसेल्फ’ असा लांब हात मारू शकत नाही. ‘राम थॉट दॅट हिमसेल्फ हॅड लॉस्ट’ चालत नाही, ‘ही हॅड लॉस्ट’ असंच हवं. म्हणून माझी कसोटी आणखी नेमकी करावी लागते. बोट एकाच क्रियापदावर ठेवायचं आणि त्याच क्रियापदाचा कर्ता पाहायचा. ‘आय आस्क्ड हिम टू हेल्प मी’मध्ये वाक्याच्या सुरुवातीला ‘आय’ आहे खरा, पण ‘हेल्प’ करणारा ‘तो’ आहे. म्हणून तिथे ‘मायसेल्फ’ येत नाही.

कसोटीलाही मर्यादा आहेत. ‘पीपल लाइक मायसेल्फ’ अशी रचना जुन्या-नव्या चांगल्या लेखकांत आढळते आणि कर्ता शोधून तिचं समर्थन करता येत नाही. तिला मी चूक म्हणत नाही. पण मुलाखतीला जाणाऱ्याला ‘लाइक मी’च सांगते, कारण त्यावर कुणीही बोट ठेवणार नाही.

आता पत्रातलं दुसरं वाक्य : ‘वुई डिझाइन्ड द कंट्रोलर अवरसेल्व्ज.’ इथला ‘अवरसेल्व्ज’ कर्म नाही, तो कर्त्यावर भर देतो. ‘कलेक्टर स्वतः आले’मधल्या ‘स्वतः’सारखा. ओळखायची खूण सोपी आहे. तो काढून टाका, वाक्य उभंच राहतं. ‘ही हर्ट हिमसेल्फ’मधून ‘हिमसेल्फ’ काढला तर मात्र त्याने कुणाला दुखावलं, हा प्रश्न उरतो.

मुलाने पत्र पुन्हा लिहिलं तेव्हा सहा ‘सेल्फ’पैकी हा एकच उरला. तो काढला तरी व्याकरण बिघडलं नसतं, पण मी त्याला तो ठेवायला सांगितला. सोलर पंपाचा कंट्रोलर बाजारात तयार मिळतो. या दोघांनी तो विकत न आणता स्वतः रचला होता आणि ही गोष्ट पत्रात त्या एका शब्दानेच सांगितली जात होती. बाकीचे पाच जागेवर असते तर वाचणाऱ्याचं लक्ष त्या शब्दाकडे गेलंच नसतं.