लोण्याच्या अलीकडे

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत उंच काचेच्या ग्लासात स्ट्रॉबेरीच्या फोडी आणि क्रीमचे थर एकावर एक चढतात, आणि वर क्रीमचा एक तुरा उभा राहतो. ग्लास हातात घेऊन चार पावलं चाललं तरी तो तुरा मोडत नाही. हेच घरी करायला घेतलं की बहुतेकांना दोनपैकी एक अनुभव येतो. क्रीम कितीही फेटलं तरी लस्सीसारखं पातळच राहतं, किंवा छान फुलता फुलता अचानक रवाळ होतं आणि भांड्याच्या तळाशी पाणी सुटतं. पहिल्या वेळी वाटतं की आपण कमी फेटलं, दुसऱ्या वेळी वाटतं की क्रीमच खराब निघालं. बहुतेक वेळा हे दोन्ही अंदाज चुकतात.

मराठी स्वयंपाकघराला यातला शेवटचा टप्पा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सायीला विरजण लावायचं, रवीने घुसळायचं आणि लोण्याचा गोळा वर काढायचा. हिवाळ्यात लोणी लवकर येत नाही म्हणून थोडं कोमट पाणी घालायचं आणि उन्हाळ्यात ते मऊ पडून धड गोळा होत नाही म्हणून बर्फाचे खडे टाकायचे, हे घुसळणाऱ्या हाताला कुणी शिकवावं लागत नाही. क्रीम फेटणं ही त्याच रस्त्यावरची अलीकडची जागा आहे. लोणी काढताना जे साधायचं असतं, त्याच्या थोडं आधी इथे हात थांबवायचा असतो. म्हणूनच थंडाव्याचं गणितही इथे अधिक कडक असतं.

दुधातलं स्निग्ध द्रव्य पाण्यावर तरंगणाऱ्या तेलासारखं मोकळं नसतं. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळ्यांच्या रूपात असतं आणि प्रत्येक गोळीभोवती एक अगदी पातळ आवरण असतं. या आवरणामुळे गोळ्या शेजारी शेजारी असूनही एकमेकींना चिकटत नाहीत. विस्क किंवा बीटर फिरू लागला की एकीकडे हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि दुसरीकडे माराने गोळ्यांची आवरणं जागोजागी फाटतात. उघड्या पडलेल्या जागी गोळ्या एकमेकींना चिकटतात, त्यांच्या साखळ्या होतात आणि या साखळ्या बुडबुड्यांभोवती कुंपणासारख्या बसतात. क्रीम ताठ उभं राहतं ते या कुंपणामुळे.

आता थंडाव्याचं कारण लक्षात येईल. फ्रीजमधल्या तापमानाला, म्हणजे साधारण ४ ते ५ अंश सेल्सिअसला, गोळीच्या आतलं स्निग्ध बरंचसं गोठलेलं असतं आणि थोडं पातळ असतं. पातळ भाग डिंकाचं काम करतो, गोठलेला भाग आकार टिकवतो. त्यामुळे दोन गोळ्या चिकटतात, पण एकमेकींत विरून जात नाहीत. क्रीम १० अंशांच्या वर गेलं की गोठलेला भाग कमी होऊ लागतो, गोळ्या एकमेकींत मिसळतात, कुंपण उभंच राहत नाही आणि बुडबुडे फुटतात. असं क्रीम कितीही फेटलं तरी चढत नाही, आणि फेटतच राहिलं तर ते थेट लोण्याकडे जातं. क्रीम आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात तेही यासाठीच. पाकीट तासाभरात हाताला गार लागतं, पण आतलं स्निग्ध नीट गोठायला त्याहून बराच जास्त वेळ जातो. मात्र घाई म्हणून क्रीम फ्रीझरमध्ये ठेवू नये. बर्फाच्या कण्या त्या गोळ्याच फोडून टाकतात.

दुसरी अट स्निग्धांशाची. कुंपणाला पुरेशा गोळ्या हव्यात. ताठ तुऱ्यासाठी किमान ३० टक्के आणि निर्धास्तपणे हवं असेल तर ३५ टक्के स्निग्धांश लागतो. आपल्याकडे किराणा दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून जे छोटं पाकीट सर्रास मिळतं, त्यावर बहुधा २५ टक्के लिहिलेलं असतं. ते भाजीत, सूपमध्ये, फ्रूट सॅलडमध्ये उत्तम लागतं, पण त्याचा तुरा उभा राहत नाही. घरी जमवलेल्या सायीचंही तसंच. दूध तापवताना त्यातली काही प्रथिनं गोठून स्निग्धाला चिकटतात आणि साय थरासारखी बनते, तिच्यातल्या गोळ्या सुट्या राहिलेल्या नसतात. फेटली की ती फुलण्याऐवजी लोण्याकडे धावते. पाकीट घेताना पुढच्या नावापेक्षा मागचा मजकूर वाचावा. ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणून मिळणारे बरेच डबे दुधाचे नसतात, त्यांत वनस्पती तेल आणि बहुतेकदा साखर आधीच असते. केकवाल्यांना ते सोयीचं पडतं, कारण ते उकाड्यातही टिकतं. पण दुधाच्या क्रीमची चव त्यात नाही आणि इथे सांगितलेले नियमही त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

समजा, मार्चमधली पुण्यातली दुपार आहे, स्वयंपाकघर ३२ अंशांवर तापलेलं आहे आणि हाताशी ३५ टक्क्यांचं २५० मिलिलिटर क्रीम आहे. स्टीलचं खोलगट पातेलं आणि बीटरची पाती पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावीत. स्टील पटकन गार होतं, म्हणून ते इथे काचेपेक्षा बरं. पातेल्याखाली बर्फ घातलेल्या पाण्याची परात ठेवली तर उकाड्यातही वेळ मिळतो. मग एक काम, जे सहसा कुणी करत नाही आणि ज्यामुळे पुढे सगळं वाचू शकतं: क्रीममधले चार मोठे चमचे आधीच वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवून द्यावेत. उरलेलं पातेल्यात ओतावं.

बीटर आधी मंद, मग मध्यम वेगाने चालवावा. पूर्ण वेगाने बुडबुडे मोठे आणि ओबडधोबड होतात, शिवाय शेवटचा टप्पा डोळ्यांदेखत निसटतो. पहिल्या मिनिटात फेस येतो. मग क्रीम दाट होतं आणि बीटरच्या मागे रेघ उमटून क्षणभर टिकते. त्यानंतर बीटर बंद करून पाती वर उचलली तर टोक निघतं, पण ते लगेच वाकून खाली झुकतं. ही मऊ अवस्था, आणि साखर घालायची वेळही हीच.

साखर अगदी सुरुवातीला घातली तर क्रीम चढायला जास्त वेळ लागतो आणि फुलतंही थोडं कमी. फार उशिरा घातली तर ती मिसळण्यासाठी आणखी फेटावं लागतं, आणि नेमकं तेच परवडत नाही. साखर दाणेदार नसावी. गार क्रीममध्ये पाण्याचा अंश कमी आणि तोही थंड, त्यामुळे दाणे विरघळत नाहीत आणि खाताना दाताखाली कचकच लागते. एवढ्या क्रीमला दोन मोठे चमचे चाळलेली पिठीसाखर पुरते. स्ट्रॉबेरी आंबटसर असेल तर अडीच. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा मक्याचा स्टार्च घातलेला असतो. तो सुटू पाहणारं पाणी धरून ठेवतो, म्हणून तुरा काही तास जास्त टिकतो. घरी मिक्सरवर दळलेल्या पिठीसाखरेत हा गुण नसतो, चव मात्र तितकीच चांगली. व्हॅनिला घालायचं तर अर्धा छोटा चमचा, साखरेबरोबरच.

इथून पुढे सेकंद मोजावे लागतात. साखर मिसळली की बीटर बाजूला ठेवून हातातल्या विस्कने पूर्ण करणं शहाणपणाचं, कारण हाताला घट्टपणा कळतो, यंत्राला कळत नाही. विस्क उचलून उलटा धरला की टोक सरळ उभं राहतं, पृष्ठभागावर अजून चमक असते आणि कडा गुळगुळीत असतात. केकवाले ज्याला स्टिफ पीक म्हणतात ते हेच. या वेळी क्रीमचं आकारमान सुरुवातीच्या सुमारे दुप्पट झालेलं असतं.

आणखी वीस-तीस सेकंद हात चालत राहिला तर काय होतं? आधी चमक जाते. मग विस्कच्या मागची रेघ गुळगुळीत न राहता फाटल्यासारखी दिसते आणि भांड्याच्या कडेला रव्यासारखे कण दिसू लागतात. साखळ्यांच्या आता गुठळ्या होऊ लागलेल्या असतात, बुडबुडे फुटत असतात, पण पाणी अजून सुटलेलं नसतं. हीच वेळ वाचवण्याची. बीटरला हात लावू नये. वाटीत राखून ठेवलेलं गार क्रीम दोन चमचे घालावं आणि रबरी पळीने खालून वर, सावकाश, आठ-दहा वेळा घोळवावं. ताज्या क्रीममधल्या न फाटलेल्या गोळ्या आणि पाणी त्या कणांच्या फटींत शिरतं, गच्च झालेली वीण सैल होते आणि मिश्रण पुन्हा गुळगुळीत होतं. गरज पडली तर उरलेले दोन चमचेही घालावेत. क्रीम उरलंच नसेल तर गार दूधही चालतं, मात्र ते चमचाभरच, कारण दुधात स्निग्धांश कमी असतो आणि मिश्रण पातळ होतं.

या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. फुटलेले बुडबुडे परत येत नाहीत, त्यामुळे असं क्रीम थोडं जड लागतं. ग्लासात थर लावायला, केकच्या मधल्या पडीला ते छान चालतं. पण नोझलमधून नाजूक फुलं काढायला गेलं तर दाबाने ते पुन्हा रवाळ होतं. आणि एकदा वाचवलेलं क्रीम दुसऱ्यांदा फेटू नये.

न चढणाऱ्या क्रीमचा उपाय याच्या उलट आहे. सात-आठ मिनिटं फेटूनही रेघ टिकत नसेल आणि कण दिसत नसतील, तर फेटणं थांबवून पातेलं तसंच झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवावं. स्निग्धांश पुरेसा असेल तर गार झाल्यावर ते पुन्हा चढतं. नसेल तर ते फळांवर ओतून खावं.

पिवळसर गुठळ्या वेगळ्या दिसू लागल्या, भांड्यात पांढरट पाणी खळखळू लागलं आणि बीटरबरोबर शिंतोडे उडू लागले, की ताजं क्रीम घालून काही उपयोग नाही. गोळ्यांची आवरणं तुटून स्निग्ध एक झालेलं असतं, ते परत सुटं होत नाही. अशा वेळी आणखी मिनिटभर फेटून काम पूर्ण करावं. अडीचशे मिलिलिटर क्रीमचं साधारण १०० ग्रॅम लोणी निघतं. घातलेली साखर ताकात विरघळलेली असते, कारण ती पाण्याची सोबतीण आहे, स्निग्धाची नाही. म्हणून लोणी बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा मळून धुतलं की गोडवा जवळजवळ निघून जातो. कढवून तूप करायचं असेल तर हे धुणं चुकवू नये, नाहीतर उरलेली साखर बुडाला लागून करपते आणि तुपाला जळका वास येतो. न धुता ठेवलं तर ते गोडसर लोणी गरम टोस्टवर चांगलं लागतं. मागे राहिलेलं ताक विरजणाचं नसल्यामुळे आंबट नसतं, कढीला उपयोगाचं नाही. व्हॅनिलाचा वास असलेलं ते गोड ताक पॅनकेकच्या पिठात दुधाऐवजी घालावं, किंवा त्यात उरलेल्या स्ट्रॉबेरी घालून मिक्सरमधून फिरवावं.