पर्सनल लोन घेताय? ईएमआय कमी दिसला म्हणून कर्ज स्वस्त ठरत नाही

समजा, घराच्या दुरुस्तीसाठी 3 लाख रुपये हवेत आणि दोन ऑफर हातात आहेत. पहिली 12 टक्के व्याजाची, 5 वर्षांची, प्रोसेसिंग फी 2.5 टक्के. दुसरी 14 टक्के व्याजाची, 3 वर्षांची, फी 1 टक्का. पहिलीचा ईएमआय साधारण 6,673 रुपये, दुसरीचा 10,253 रुपये. व्याजही कमी, हप्ताही कमी, त्यामुळे बहुतेक जण पहिलीवर सही करतील.

आता एकूण परतफेड बघू. पहिल्या कर्जात 60 हप्त्यांचे मिळून सुमारे 4,00,400 रुपये जातात. फी 7,500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 8,850. एकूण 4,09,250 रुपये. दुसऱ्या कर्जात 36 हप्ते आणि 3,540 रुपयांची फी धरून साधारण 3,72,660 रुपये. दर कमी असूनही पहिलं कर्ज जवळपास साडेछत्तीस हजारांनी महाग पडतं, कारण व्याज दोन वर्षं जास्त चालतं.

मग दुसरी ऑफर चांगली? इथेच गल्लत होते. ही तुलना दोन बँकांची नाही, दोन मुदतींची झाली. पहिल्या बँकेकडे तीच 3 वर्षांची मुदत मागितली, तर ईएमआय 9,964 रुपये येतो आणि फीसकट एकूण 3,67,560 रुपये भरावे लागतात. म्हणजे दुसरीपेक्षा सुमारे 5,100 रुपये कमी. त्यामुळे आधी दोन्हीकडून सारख्याच मुदतीचा आकडा मागायचा.

फीची आणखी एक गंमत आहे. ती बहुतेकदा कर्जातूनच कापली जाते. पहिल्या ऑफरमध्ये खात्यात 2,91,150 रुपयेच येतात, व्याज मात्र पूर्ण 3 लाखांवर लागतं. शिवाय कर्ज लवकर फेडलं तरी फी सहसा परत मिळत नाही. बोनस आल्यावर वर्षभरात 3 वर्षांचं कर्ज बंद केलं, तर व्याज आणि फी मिळून दोन्ही ऑफरचा खर्च जवळपास सारखा, 40,100 रुपयांच्या आसपास येतो. त्याआधीच बंद केलं, तर 14 टक्केवाली स्वस्त! अर्थात पर्सनल लोनचा दर सहसा फिक्स्ड असतो आणि अशा कर्जावर मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क लागू शकतं. ते या हिशोबात धरलेलं नाही.

हे सगळे आकडे ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’मध्ये सापडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या रिटेल कर्जांसाठी ते देणं बंधनकारक आहे, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यातला एपीआर म्हणजे फी धरून पडणारा वार्षिक दर. 3 वर्षांसाठी पहिलीचा 12 नव्हे, सुमारे 14.1 टक्के होतो आणि दुसरीचा 14.8. सही करायला ‘आजच शेवटचा दिवस’ असं एजंट म्हणाला, तर लक्षात असू द्या: या स्टेटमेंटमधल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात.